सोमवारचं पान : पिल्लू घरी आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याची एक रोजनिशी

साताऱ्यात माझा प्राण्यांचा दवाखाना आहे. थंडीच्या दिवसांत माझ्याकडे गावठी पिल्लांची गर्दी असते, कारण आपल्याकडच्या मोकळ्या कुत्र्या बहुतेक पावसाळा संपल्यावर वितात आणि डिसेंबर-जानेवारीत ती पिल्लं कुणाच्या ना कुणाच्या घरी पोचतात. गेल्या नाताळच्या सुट्टीत, एका बुधवारी संध्याकाळी, असंच एक पिल्लू आलं. टोपलीत जुन्या साडीवर झोपलेलं, पिवळसर अंगाचं, नाकावर बारीक ठिपके, म्हणून नाव बुंदी. बरोबर आई, बाबा आणि चौथीतली मुलगी. मुलीच्या हातात वही होती. शाळेत बाईंनी सुट्टीतल्या सात दिवसांची रोजनिशी लिहायला सांगितली होती आणि ती प्रतीक्षेच्या बाकावर बसून त्या दिवसाचं पान लिहीत होती.

बाबांनी सांगितलेली हकिकत दोन वाक्यांची होती. पिल्लू दोन महिन्यांचं आहे, कालपासून जुलाब होतायत. बाकी काही नाही.

आमच्या कामात निम्मं निदान हकिकतीवर असतं, कारण रोगी बोलत नाही. मोठी माणसं हकिकत सांगताना त्यांना महत्त्वाचं वाटतं तेवढंच सांगतात. मी तपासायला सुरुवात केली तेव्हा मुलगी म्हणाली, "कालपासून नाही, रविवारपासून. मी लिहिलंय." मी वही मागितली. ती दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राहिली. थोड्या वेळाने दिली, पण सोमवारचं पान आत दुमडून दिलं. मी ते तेव्हा उलगडलं नाही. आधी उरलेली पानं वाचली. इथे ती तिच्या आईबाबांच्या आणि तिच्या परवानगीने देते आहे.

"शनिवार. आज आम्ही आजीच्या गावाहून बुंदीला आणलं. ती गोठ्यामागे कडब्यात होती. अजून तीन पिल्लं होती पण ती दुसऱ्यांनी नेली. तिची आई कुठे गेली कुणालाच माहीत नाही. शेजारचे काका म्हणाले चार दिवस दिसली नाही. बाबा आधी नको म्हणत होते. मग म्हणाले ठीक आहे, पण चावलं तर परत सोडून येऊ. बुंदीने दोन वाट्या दूध प्यायलं. रात्री ती खूप रडली. बाबांनी तिला बाथरूममध्ये ठेवलं. मला पण झोप आली नाही."

"रविवार. सकाळी बाथरूममध्ये चार ठिकाणी शी होती, पिवळी आणि पातळ. आई ओरडली. बुंदीला परत दूध-पोळी दिली. तिचं पोट फुग्यासारखं झालंय. दादा तिच्याबरोबर पळत होता, तिच्या नखांचे त्याच्या पायावर ओरखडे आले. रक्त नाही आलं. रात्री आजीने बाटलीत गरम पाणी भरून साडीत गुंडाळून तिच्याजवळ ठेवली. ती बाटलीला चिकटून झोपली. फक्त दोनदा रडली."

"मंगळवार. आज पाच वेळा शी. बुंदीला उलटी झाली. उलटीत शेवया होत्या. बाबा म्हणाले आपण शेवया दिल्याच नाहीत. एक शेवई हलली."

मंगळवारचं शेवटचं वाक्य वाचलं आणि बुंदीच्या आजाराचा मोठा भाग उलगडला. पण आधी वय. मी तिचं तोंड उघडून पाहिलं. पुढचे दुधाचे दात आणि सुळे आले होते, मागच्या दाढा मात्र नुकत्याच हिरडीतून डोकावत होत्या. वजन दीड किलोलाही थोडं कमी. हे पिल्लू दोन महिन्यांचं नव्हतं, पाच-सहा आठवड्यांचं होतं. गावाकडे पिल्लू देणारा माणूस सहसा दोनच महिने सांगतो. "आईवेगळं करायला चालेल का" या प्रश्नाचं ते ठरलेलं उत्तर असतं. फरक दोन-तीन आठवड्यांचाच, पण त्या वयात तो फार मोठा. पाच आठवड्यांचं पिल्लू अजून स्वतःच्या अंगाची ऊब नीट राखू शकत नाही, भावंडांच्या ढिगात झोपूनच त्याची रात्र जाते. शनिवारच्या रात्री ते बाथरूमच्या गार फरशीवर एकटं होतं. ते रडणं हट्टाचं नव्हतं. आजीने बाटली ठेवल्यावर ते दोन वेळांवर आलं, हेही मुलीने लिहून ठेवलं होतं.

दुधाचं म्हणाल तर आजीचा हेतू प्रेमाचाच होता. पण कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गायीच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात आणि दुधातली साखर त्याहून कमी. गायीचं दूध वाटीभर दिलं की पिल्लाच्या आतड्याला ती जास्तीची साखर पचत नाही, ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब सुरू होतात. पिल्लू भुकेलं असतं म्हणून पुन्हा दूध पितं, जुलाब वाढतात आणि घरच्यांना वाटतं निदान दूध तरी पितंय. रोजनिशीत हा क्रम सरळ दिसत होता: शनिवारी दोन वाट्या दूध, रविवारी सकाळी पातळ शी. बाबांच्या "कालपासून"मध्ये तो हरवला असता.

हलणारी शेवई म्हणजे गोल जंत. बहुतेकांना वाटतं की जंत माती खाऊन किंवा गोड खाऊन होतात. कुत्र्यांत या जंतांची गोष्ट वेगळी आहे. कुत्रीच्या शरीरात त्यांच्या अळ्या स्नायूंमध्ये निपचित पडून असतात. ती गाभण राहिली की त्या जाग्या होतात आणि नाळेतून थेट गर्भातल्या पिल्लांत शिरतात. नंतर काही दुधातूनही जातात. म्हणजे पिल्लू जन्मतं तेच जंत घेऊन, आणि जेमतेम तीन आठवड्यांचं होईपर्यंत त्याच्या आतड्यात वाढलेले जंत अंडी घालू लागतात. म्हणून पिल्लांना जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून, दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांपर्यंत द्यायचं असतं. बुंदीला एकदाही मिळालेलं नव्हतं. "पोट फुग्यासारखं" हे रविवारचं निरीक्षणही त्यातच बसत होतं. पोट गोल आणि बाकी अंग हाडकुळं, हे बाळसं नसतं.

तरीही एक शंका दूर करणं भाग होतं. लस न झालेल्या पिल्लाला जुलाब आणि उलटी म्हटलं की पहिला विचार पार्वो या विषाणूच्या आजाराचा येतो. त्यात पिल्लू खाणं सोडतं, मलूल पडतं, शीतून रक्त येतं आणि तिला एक वेगळाच उग्र वास असतो. बुंदीच्या मी वाचलेल्या नोंदींत खाणं होतं, खेळणं होतं, रक्त कुठेच नव्हतं. तरी मी शीचा नमुना घेऊन दहा मिनिटांची किट चाचणी केली. पार्वो नाही असं आलं. अगदी सुरुवातीच्या काळात ही चाचणी चुकू शकते, म्हणून आणखी तीन-चार दिवस लक्ष ठेवायला आणि खाणं सुटलं तर रात्रीही फोन करायला सांगितलं. दूध बंद. मऊ शिजवलेला भात आणि उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे, मीठ-मसाला न घालता, थोडं थोडं चार वेळा. वजनावर मोजून जंताचं औषध दिलं.

इथपर्यंतचं सगळं माझ्या रोजच्या कामातलं. मग मी मुलीला विचारलं, "सोमवारी काय झालं?"

ती आईकडे बघायला लागली. मी आईबाबांना औषधाच्या काउंटरवर बिल करायला पाठवलं आणि तिच्याशेजारी बाकावर बसले. तिने पान उलगडलं.

"सोमवार. मी आणि बुंदी दोरीने खेळत होतो. तिने दोरी सोडून माझं बोट धरलं. थोडं रक्त आलं. मी नळाखाली धरलं आणि फ्रॉकला पुसलं. आईला सांगितलं नाही. ती मुद्दाम चावली नाही. ती लहान आहे. तिला परत कडब्यात सोडलं तर तिला थंडी वाजेल."

उजव्या हाताच्या तर्जनीवर, पेराच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन खपल्या होत्या. पिल्लाचे दुधाचे दात सुईसारखे असतात. जखम दिसते लहान, पण दात खोल जातो.

मला तेव्हा शनिवारचं पान आठवलं. आई चार दिवस दिसली नाही. एखादी विलेली कुत्री चार पिल्लं सोडून चार दिवस का जाते? गाडीखाली आली असेल, कुणी हाकलली असेल. किंवा पिसाळली असेल. पिसाळलेलं कुत्रं आपली जागा सोडून भरकटतं, आणि जाण्याआधी अंगाशी असलेल्या पिल्लांना चावलेलं असू शकतं. यातलं नेमकं काय झालं हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि कळण्याची शक्यताही नव्हती. अशा वेळी जे ठाऊक नाही ते वाईटच आहे असं धरून चालायचं, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही. लक्षणं दिसण्याआधी लस दिली तर तो जवळपास नक्की टळतो.

"पिल्लू चावलं तर काही होत नाही" हे वाक्य मी दवाखान्यात किती वेळा ऐकलंय याची गणती नाही. एवढंसं पिल्लू कसं पिसाळेल, असं लोकांना मनापासून वाटतं. पण पिल्लाला पिसाळलेल्या कुत्र्याचा दात लागला असेल तर त्याच्या लाळेतही विषाणू येतो, आणि त्याचं वय त्याच्या आड येत नाही. उलट पिल्लाच्या चावण्याची भीती वाटत नाही, म्हणून ते चावणं लपून राहतं. बोटाची जखम तर अधिक काळजीची, कारण बोटांच्या टोकांना नसांचं जाळं दाट असतं आणि हा विषाणू नसांवाटेच मेंदूकडे सरकतो.

आईबाबा परत आले. मी मुलीला विचारलं, "मी सांगू की तू सांगतेस?" तिने वही आईकडे दिली. बाबांनी आईच्या खांद्यावरून वाचलं आणि खाली बसले. ते म्हणाले, "मी ते असंच बोललो होतो, बाळा. कुठे सोडणार होतो मी तिला." मुलगी रडली, आई रडली, आणि मी मुलीला हात धुवायच्या बेसिनपाशी नेलं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. दोन दिवस उलटून गेले होते, तरी उशिरा आलेल्यांनीही जखम धुवायचीच असते. साबण या विषाणूचं वरचं स्निग्ध आवरण फोडतो, म्हणून नुसत्या पाण्याने भागत नाही. सोमवारी तिने नळाखाली बोट धरलं हे चांगलंच केलं होतं, फक्त साबण आणि वेळ राहिली होती. आईने विचारलं, हळद लावू का? हळद नाही, चुना नाही, तिखट नाही, पट्टीही नाही. जखमेवर काही चोळलं की विषाणू आत ढकलला जातो.

मी जनावरांची डॉक्टर, माणसाला इंजेक्शन देणं माझं काम नाही. एका कागदावर लिहून दिलं: सोमवारी दुपारी चावा, कातडी फाटून रक्त, पिल्लाचं वय पाच-सहा आठवडे, लस नाही, आईचा ठावठिकाणा नाही, पिल्लू सध्या जिवंत आणि खातंपितं. त्याच रात्री ते जिल्हा रुग्णालयात गेले. रक्त आलेला चावा तिसऱ्या वर्गात मोडतो, म्हणजे नुसती लस पुरत नाही. लशीने शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो, तोवरच्या बचावासाठी तयार प्रतिपिंडांचं सिरम थेट जखमेत आणि तिच्या भोवती टोचावं लागतं. बोटात ते फार दुखतं. तिथल्या डॉक्टरांनी ते सावकाश, थोडं थोडं दिलं. लस दोन्ही दंडांवर कातडीच्या आत दिली, त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी अशी चार वेळा. बाबांना अजून पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती होती. ती जुनी लस भारतात २००५ च्या सुमारासच बंद झाली, पण तिची भीती मागच्या पिढीने पुढच्या पिढीला दिली आहे आणि तिच्यापायी लोक आजही चावा लपवतात.

मी रविवारच्या पानाचीही आठवण करून दिली होती. दादाच्या पायावरचे ओरखडे. रक्त नसलेला ओरखडा दुसऱ्या वर्गात येतो, त्याला सिरम लागत नाही, लस लागते. कुत्रं नखं चाटतं, म्हणून ओरखडाही सोडायचा नाही. दादा त्या रात्री क्लासला होता, त्याला तिथूनच थेट रुग्णालयात बोलावून घेतलं. त्याने स्वतःहून हे कधीच सांगितलं नसतं. तो विसरला होता.

उरला प्रश्न बुंदीचा. बाबांनी दबक्या आवाजात विचारलं, आता हिला ठेवायचं का? ठेवायचंच, आणि तेही मुलीसाठीच. पिसाळणाऱ्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो लक्षणं दिसण्याच्या फार तर थोडे दिवस आधी. म्हणून चावल्याच्या वेळी लाळेत तो असला, तर कुत्रं दहा दिवसांच्या आत आजारी पडतं आणि मरतं. दहा दिवस ते धडधाकट राहिलं, तर त्या चाव्यातून रेबीज झालेला नाही असं खात्रीने म्हणता येतं. पिल्लू कडब्यात सोडून दिलं असतं तर ही खात्री कधीच मिळाली नसती. पण त्या दहा दिवसांची वाट पाहत लस थांबवायची नाही. लस आधी, निरीक्षण बरोबरीने. आणि कातडीच्या आत देण्याची लस असेल तर पिल्लू ठणठणीत राहिलं तरी चारही वेळा पूर्ण करायची.

हे निरीक्षण कुणी करायचं यावर चर्चाच झाली नाही. मी मुलीला सांगितलं, रोज चार गोष्टी लिही. खाल्लं का. पाणी पिताना गिळता येतं का, की लाळ गळते. आवाज बदलला का. मागचे पाय नीट पडतात का. आणि त्या दिवसांत बुंदीच्या तोंडाजवळ हात न्यायचा नाही, खेळायचं ते लांब दोरीने, खायला घालायचं ते मोठ्यांनी. दोरी सोडून बोट धरलं तर खेळ तिथेच थांबवायचा आणि उठून उभं राहायचं. ओरडायचं नाही, चापट मारायची नाही. भावंडांत वाढलेल्या पिल्लाला हे भावंडंच शिकवतात. जोरात चावलं की दुसरं पिल्लू किंचाळून खेळ सोडतं. बुंदीचं ते शिक्षण पाचव्या आठवड्यात तुटलं होतं.

पुढची पानं मी नंतर वाचली.

"गुरुवार. बुंदीच्या शीतून जंत पडले. मी लांबून मोजले, नऊ. आईने हातमोजे घालून कागदात गुंडाळून टाकले आणि फरशी गरम पाण्याने धुतली. शी तीनच वेळा. माझा हात दुखतोय. बाबांनी मला ऑफिसला जायच्या आधी विचारलं, अजून काही राहिलंय का सांगायचं. मी सांगितलं की बुंदी माझ्या ताटातलं चाटते. ते म्हणाले बरं, आता नको चाटू देऊस."

गरम पाणी आणि रोजच्या रोज उचलणं, दोन्ही योग्य. या जंतांची अंडी ताज्या शीमध्ये लगेच संसर्ग करत नाहीत, त्यांना मातीत किंवा फटीत दोनेक आठवडे लागतात. पण एकदा तयार झाली की ती कित्येक महिने टिकतात आणि लहान मुलांच्या पोटात गेली तर त्यांच्या अळ्या यकृतात, कधी डोळ्यातही जाऊन बसतात. म्हणून पिल्लाबरोबर खेळल्यावर हात धुणं, आणि ताट वेगळं.

"शुक्रवार. शी दोनदा आणि घट्ट. बुंदी रात्री एकदाच उठली, मला वाटलं शू लागली असेल म्हणून बाबांनी तिला गच्चीत नेलं आणि तिने खरंच केली. खाल्लं, गिळलं, आवाज तोच, पाय नीट. सात दिवस झाले, बाईंची रोजनिशी संपली. पण मला अजून लिहायचं आहे."

शनिवारी लशीची दुसरी वेळ होती. पुढच्या आठवड्यात बुंदी सहा-सात आठवड्यांची झाल्यावर, पोट ठीक असल्याने, तिला पार्वो आणि डिस्टेंपरची पहिली लस दिली. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, ती तारीख मी तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली.

तेव्हापासून माझ्या केसपेपरवर एक ओळ वाढली आहे. घरात नवं पिल्लू आलं आणि बरोबर मूल असलं, तर "दात किंवा नख लागलंय का" हा प्रश्न मी मुलाला विचारते, शक्यतो एकट्याला, आणि आधी सांगते की काहीही असलं तरी पिल्लू कुठे जाणार नाही. विचारल्यावर बरीच मुलं बाही वर सारतात.

सोमवारच्या चाव्यापासून दहावा दिवस पुढच्या गुरुवारी आला. त्या दिवशीचं पान मुलगी स्वतः दाखवायला घेऊन आली. "दहावा दिवस. बुंदीने भात संपवला आणि वाटी उलटी केली. गिळलं. आवाज तोच, पण आता ती भुंकते पण. पाय नीट, कारण ती माझ्या आधी गच्चीत पोचली. बाबांनी तिच्यासाठी खोका आणलाय. त्यावर त्यांनीच नाव लिहिलं."